गोष्टीच्या शेवटी प्रवचन नको असेल तर थीम प्रसंगांतून कशी उभी करायची: स्टेप बाय स्टेप

नव्याने कथा लिहिणाऱ्यांच्या कथांमधे एक गोष्ट सारखी दिसते. कथा छान चाललेली असते, माणसं जिवंत असतात, आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक अचानक पुढे येऊन सांगतो की या सगळ्यातून अमक्याला काय कळलं. 'त्या दिवशी त्याला खऱ्या अर्थाने उमगलं की...' इथपर्यंत वाचलं की पुढचं वाक्य काय असणार ते वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं.

यावर सगळे एकच सल्ला देतात, की शेवटचा परिच्छेद कापून टाका. लोक कापतात, आणि मग कथा अर्धवट वाटायला लागते, म्हणून तोच परिच्छेद जरा सौम्य करून परत चिकटवतात. असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण खालच्या सगळ्या स्टेप्स त्यावरच उभ्या आहेत. शेवटचा उपदेश हा बहुतेक वेळा मधे कुठेतरी न लिहिलेल्या सीनची थकबाकी असतो. जे घडताना दाखवायचं राहून गेलं ते शेवटी सांगून भागवलं जातं. म्हणून नुसतं कापून चालत नाही, राहिलेला सीन शोधून लिहावा लागतो, आणि तो लिहिला की शेवटचा परिच्छेद आपोआप फालतू होतो.

मी एकच कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. दोन भाऊ, ज्ञानू थोरला, बाळू धाकटा. वाटणी झाली आहे, घरं वेगळी, पण विहीर आणि मोटर सामाईक. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आठ तास. त्यातले चार तास एकाचे, चार तास दुसऱ्याचे, आणि आधी कोणी घ्यायचं ते दर दोन आठवड्यांनी बदलतं. मोटरच्या खोलीत ज्ञानूच्या पिशवीत एक वही टांगलेली आहे, तिला सुतळीने पेन बांधलेलं. ज्याने पाणी घेतलं त्याने नाव आणि वेळ लिहायची.

या कथेचा पहिला ड्राफ्ट साधारण असा असतो: पाण्यावरून भावाभावात तेढ येते, मग थोरल्याला हार्ट अटॅक येतो, धाकटा त्याच्या शेताला पाणी देतो, आणि शेवटी: 'बाळूला आज कळलं होतं, वहीच्या पानांत वेळ मावते, नाती मावत नाहीत.' वाक्य वाईट नाही. पण ते तिथे आहे याचा अर्थ कथेने आपलं काम केलेलं नाही.

१. तयारी: शिकवण वेगळ्या कागदावर लिहा आणि तिचा प्रश्न करा

तुमच्या डोक्यात जी शिकवण आहे ती दाबून ठेवू नका, दाबली की ती शेवटी बाहेर येतेच. वेगळ्या कागदावर सरळ एका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात 'नात्यात हिशोब नसावा.' आता या वाक्याचा असा प्रश्न करा ज्याला दोन शहाणी माणसं दोन वेगळी उत्तरं देतील. 'नात्यात हिशोब असावा का' हा प्रश्न अजून ढोबळ आहे, कारण त्याचं 'चांगलं' उत्तर सगळ्यांना पाठ आहे. तो खाली जमिनीवर आणा: 'विहीर सामाईक असलेल्या दोन भावांनी पाण्याची वही ठेवावी का, आणि नाही ठेवली तर ते कोणाला महाग पडतं?'

आता बघा, प्रश्नात खर्च आला. कोणालातरी काहीतरी महाग पडणार आहे. जिथे कोणालाच काही महाग पडत नाही तिथे कथा नसते, नुसतं मत असतं.

थांबा आणि तपासा: तुमचा प्रश्न घरातल्या कोणालाही विचारा. उत्तर लगेच आणि सगळ्यांचं सारखं आलं तर प्रश्न अजून शिकवणच आहे, फक्त पुढे प्रश्नचिन्ह लावलंय.

२. ज्याचं तुम्हाला पटत नाही त्याला जास्त चांगलं कारण द्या

ही स्टेप लोक सर्रास गाळतात आणि मग पुढचं सगळं बिघडतं. पहिल्या ड्राफ्टमधे ज्ञानू हा वही ठेवणारा, मोजून मापून वागणारा, थोडा कंजूष माणूस आहे, आणि बाळू मोकळ्या मनाचा. म्हणजे निकाल आधीच लागलाय, कथा फक्त तो वाचून दाखवतेय.

उलटं करा. ज्ञानू वही का ठेवतो? कारण वडील आणि चुलते यांच्यात सगळं तोंडी होतं, कोणी किती पाणी घेतलं याचा पुरावा कोणाकडेच नव्हता, आणि त्यातून सुरू झालेली कोर्टाची केस वडील गेल्यावर संपली. ज्ञानूने ते सगळं लहानपणी बघितलंय. त्याच्या दृष्टीने वही ही भावाशी भांडण होऊ नये म्हणूनची सोय आहे. आणि बाळूला वही म्हणजे अपमान वाटतो, 'भाऊ असून माझ्यावर विश्वास नाही' असं तो बायकोजवळ बोलतो, पण जास्तीचं पाणी चोरून घेणार आहे तोच.

आता तुमची शिकवण ज्याच्या तोंडी आहे तोच चुकतोय, आणि ज्याच्या विरुद्ध आहे त्याच्याकडे खरं कारण आहे. इथे लेखकाला थोडं अस्वस्थ वाटायला पाहिजे. वाटत नसेल तर तुम्ही अजून एका बाजूला झुकलेले आहात.

सावध: हे कारण लांबलचक भाषणातून सांगू नका. ज्ञानू वही ज्या पिशवीत ठेवतो त्याच पिशवीत वडिलांच्या केसचे जुने कागद आहेत, एवढं एकदा दिसलं की पुरे. कोणीतरी कधीतरी सहज म्हणेल, 'अजून ठेवलेत व्हय ते कागद', आणि ज्ञानू काही न बोलता पिशवीची नाडी ओढेल.

३. प्रश्न हातात धरता येईल अशी एक वस्तू किंवा काम निवडा

आपल्याकडे ती आहेच, वही. नियम असा की ती वस्तू कथेतल्या माणसांच्या रोजच्या कामाची असली पाहिजे. लेखकाला अर्थपूर्ण वाटते म्हणून आणलेली तुळस, पणती, जुना फोटो, वाळलेलं झाड, या गोष्टी आल्या आल्या वाचणाऱ्याला कळतं की आता काहीतरी सुचवायचंय. वहीचं तसं नाही. तिच्यावर रोज काहीतरी लिहिलं जातं, लिहिताना खरं किंवा खोटं लिहिता येतं, आणि दुसरा माणूस ते वाचतो. म्हणजे वस्तूच्या निमित्ताने माणसाला दरवेळी काहीतरी ठरवावं लागतं, आणि हेच आपल्याला पाहिजे.

वस्तू तीनदा यावी, फार तर चारदा, आणि दरवेळी तिचा वापर बदललेला असावा. पहिल्यांदा वेळ नोंदवायला, दुसऱ्यांदा खोटं लपवायला, तिसऱ्यांदा पैशाच्या वाटणीला, आणि शेवटी कशाला ते पुढे बघू. तिच्याबद्दल कोणीही एकदाही मोठं वाक्य बोलायचं नाही, ना पात्राने, ना निवेदकाने.

४. प्रसंग मांडा, आणि प्रत्येकाची परिणामाची खूण ठेवा

आता कागदावर प्रसंग लिहून काढा, एका ओळीत एक. प्रत्येक ओळीत कोणी काय केलं आणि त्याने जागेवर काय बदललं हे दोन्ही पाहिजे. 'बाळूला राग आला' हा प्रसंग नाही.

आपल्या कथेत असं होईल. फेब्रुवारी, रात्रीची लाईट, बाराला येते आणि आठला जाते. या आठवड्यात बाळूचं पाणी आधी, बारा ते चार. त्याचा कांदा पोसायच्या टप्प्यात आहे, विहीर खाली चाललीय, थोडे वाफे राहिलेत. चार वाजतात, तो वाफ्यांना दारं धरतच राहतो, चार चाळीसला आपलं पाणी थांबवतो, आणि वहीत लिहितो: 'बाळू, १२:०० ते ४:००.' दुसऱ्या दिवशी तो वही बघतो तर खाली ज्ञानूच्या अक्षरात: 'ज्ञानू, ४:४० ते ८:००.' म्हणजे ज्ञानू चारलाच आला होता, अंधारात कुठेतरी बांधावर बसून राहिला, आणि एक शब्द बोलला नाही. वहीत चाळीस मिनिटं कोणाच्याच नावावर नाहीत.

आणि परिणामाची खूण: गव्हाचं ते महत्त्वाचं पाणी होतं, दाणे भरायची वेळ. ज्ञानूच्या गव्हाचे शेवटचे सहा वाफे कोरडे राहिले. येता जाता बाळूला ते दिसतात, आणि दर दोन दिवसांनी जरा जास्त पिवळे दिसतात.

ही खूण फार महत्त्वाची आहे. खूण नसेल तर बाळूला वाईट वाटतंय हे तुम्हाला सांगावं लागेल, आणि एकदा सांगायला सुरुवात झाली की शेवटपर्यंत सांगतच राहता. सहा पिवळे वाफे असतील तर तो शेताकडे कुठल्या वाटेने जातो एवढं लिहिलं तरी चालतं. आधी तो ज्ञानूच्या बांधावरून जायचा, आता ओढ्याकडून वळसा घालून जातो, बस.

थांबा आणि तपासा: प्रत्येक प्रसंगावर बोट ठेवून बघा, हा काढला तर पुढचा घडतो का? घडत असेल तर तो प्रसंग सजावट आहे. मग हेही बघा, तो आधी कोणीतरी काही केल्यामुळे घडतो का? पहिल्या ड्राफ्टमधला हार्ट अटॅक या दुसऱ्या चाचणीत लगेच पडतो, कारण कोणी काही केल्यामुळे तो येत नाही, लेखकाला शेवट गाठायचा आहे म्हणून येतो. आजारपण, अपघात, अचानक आलेला पूर, हे कथेच्या सुरुवातीला चालतात, तिथून गोष्ट सुरू होते. शेवटाजवळ आणले की ते प्रवचनाची तयारी करायला आलेले असतात.

५. राहिलेला सीन शोधा

ही सगळ्यात मोठी स्टेप, तिला सगळ्यात जास्त वेळ द्या.

तुमच्या पहिल्या ड्राफ्टचा शेवटचा परिच्छेद समोर घ्या. फेकू नका, तो कामाचा आहे, कारण त्यात काय काय दाखवायचं राहिलं त्याची यादीच असते. प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हे वाचणाऱ्याने कुठे बघितलं? समजा आपल्या परिच्छेदात अशी वाक्यं आहेत:

'दादाला सगळं माहीत होतं. तरी त्याने मोठ्या मनाने भावाला सांभाळून घेतलं होतं. बाळूला स्वतःचीच लाज वाटली. वहीच्या पानांत वेळ मावते, नाती मावत नाहीत.'

पहिलं वाक्य, दादाला माहीत होतं, हे वहीतल्या ४:४० ने दाखवलं आहे, खोडून टाका. तिसरं, लाज वाटली, हे ओढ्याकडच्या वळशात आलं, खोडून टाका. चौथं तुमची शिकवण आहे, ते पहिल्या स्टेपच्या कागदावर आहे तिथेच राहू द्या. उरलं दुसरं. सांभाळून घेतलं. हे कुठे दिसलं? कुठेच नाही. ज्ञानू बांधावर गप्प बसला खरा, पण गप्प बसणं आणि सांभाळून घेणं यात फरक आहे, मनात धरूनही माणूस गप्प बसतो. म्हणजे एक सीन कमी आहे, असा सीन ज्यात ज्ञानूच्या हातात पुरावा आहे, तो वापरायची आयती संधी आहे, आणि तो काय करतो ते आपल्याला दिसतं.

सीन शोधताना नवीन पात्र किंवा नवीन संकट आणू नका, आहे त्यातच बघा. सामाईक मोटर आहे, म्हणजे ती कधीतरी जळणार. पुढच्या आठवड्यात दिवसाच्या लाईटला मोटर जळते, रिवायंडिंगचं बिल येतं, आणि ठरल्याप्रमाणे बिल तासांच्या हिशोबाने वाटून घ्यायचं असतं. म्हणजे वही उघडावीच लागणार, दोघांच्या समोर. सीन असा लिहिता येईल:

'ज्ञानूने वही मांडीवर घेतली. बोट पानावरून खाली आणत तो पुटपुटत बेरीज करत होता. बाळू मघापासून बिलाची घडी घालत बसला होता. एका ओळीवर बोट थांबलं. बाळूने घातलेली घडी परत उलगडली. वहिनी आतून म्हणाली, चहा ठेवू का, आणि कोणीच उत्तर दिलं नाही. बोट पुढे सरकलं.
"निम्मं निम्मं बसतंय," ज्ञानू म्हणाला आणि वही पिशवीत घातली.'

एवढंच. यात ज्ञानूच्या मनात काय आहे हे आपल्याला नक्की कळत नाही आणि कळायची गरजही नाही. मोठं मन आहे, की थकवा आहे, की कोर्टाच्या आठवणीने आलेली भीती आहे, वाचणारा आपापलं ठरवेल. 'मोठ्या मनाने' हा शब्द लिहिला असता तर तीनपैकी दोन शक्यता तुम्ही स्वतःच्या हाताने मारल्या असत्या.

या सीनमधे लोक कुठे घसरतात तेही सांगतो. ज्ञानूचं बोट थांबल्यावर लगेच बाळूच्या मनात शिरायचा मोह होतो, 'त्याच्या काळजात धस्स झालं, दादाला कळलंय की काय.' नको. बिलाची घडी पुरेशी आहे. दुसरी चूक म्हणजे ज्ञानू 'निम्मं निम्मं' म्हणून झाल्यावर अजून एक वाक्य बोलतो, 'जाऊ दे, भाऊ म्हटल्यावर चालायचंच.' झालं, प्रवचन शेवटातून उठून मधे आलं. उपदेश फक्त जागा बदलतो, कमी होत नाही, म्हणून मधल्या सीनवरही तेवढंच लक्ष ठेवा.

सावध: राहिलेला सीन बहुतेक वेळा तोच असतो जो लिहायला अवघड वाटतो म्हणून आपण उडी मारून पुढे गेलेलो असतो. दोन माणसं समोरासमोर बसलीत, दोघांनाही एक गोष्ट माहीत आहे, आणि ती बोलायची नाहीये. असा प्रसंग तुमच्या कथेत 'दिवस गेले' किंवा 'काही आठवड्यांनी' या शब्दांच्या मागे दडलेला असतो. तिथे जाऊन बघा.

६. शेवट: जाणीव नको, कृती पाहिजे

आता शेवट लिहायचा. स्वतःला एकच विचारा, हा माणूस आता असं काय करेल जे त्याने पहिल्या पानावर केलं नसतं, आणि त्याला त्याची काय किंमत पडेल? किंमत खरी हवी. रडणं, मिठी मारणं, पाया पडणं याला कथेत काही किंमत पडत नाही, म्हणून तो शेवट स्वस्त वाटतो आणि त्याला आधार द्यायला मग एक वजनदार वाक्य लागतं.

आपल्या कथेत परत रात्रीची लाईट आली, आता ज्ञानूचं पाणी आधी, बारा ते चार. पण ज्ञानू मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलाय. पाणी वाया जाऊ नये म्हणून बाळू ते गव्हाला धरतो, इथपर्यंत कोणताही शेजारी करेल. चार वाजतात. बाळूच्या कांद्याचं हे शेवटच्या एकदोन पाण्यांपैकी एक, विहीर आणखी खाली गेलेली, म्हणजे प्रत्येक मिनिट त्याच्या कामाचं.

'चार वाजले तेव्हा पाणी त्या पिवळ्या वाफ्यांपर्यंत नुकतंच पोचलं होतं. बाळूने मोबाईल बघितला, खिशात घातला, आणि पहिल्या वाफ्याचं तोंड खोऱ्याने मोकळं केलं. सहावा भरला तेव्हा त्याने पाणी आपल्या पाटाला लावलं. मग मोटरच्या खोलीत आला, बॅटरी तोंडात धरली आणि लिहिलं.
ज्ञानू, १२:०० ते ४:४०.
बाळू, ४:४० पासून.'

इथे थांबा. पुढे कोंबडा आरवणार नाही, पूर्वेला तांबडं फुटणार नाही, ज्ञानूचा फोन येणार नाही.

आता पहिल्या कागदावरची शिकवण परत वाचा: 'नात्यात हिशोब नसावा.' कथेत काय झालं? बाळूने माफी मागितली ती वहीतच मागितली. वही नसती तर त्याला हे सांगताच आलं नसतं, आणि ज्ञानूला न बोलता ते वाचता आलं नसतं. म्हणजे कथेने तुमच्या शिकवणीला अर्धा होकार दिला आणि अर्धं खोडलं. असं झालं तर घाबरू नका आणि कथेला ओढून मूळ वाक्यावर आणायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. प्रसंग खरे लिहिले की थीम थोडी सरकतेच. ज्या कथेत ती तसूभरही सरकली नाही तिथे बहुतेक प्रसंगांना आधीच ठरवलेलं उत्तर द्यायला लावलेलं असतं.

आणि ते सहा वाफे आता पाण्याने फारसे सुधारणार नाहीत, दाणे भरायची वेळ गेलीय. हे बदलू नका. गहू परत हिरवागार झाला असं लिहिलं तर निसर्गाकडून शाबासकी मिळाल्यासारखं होईल, आणि तोही उपदेशच.

थांबा आणि तपासा: शेवटचं वाक्य झाकून त्याच्या आधीच्या वाक्यावर कथा संपते का बघा. मग त्याच्याही आधीच्या. बऱ्याचदा खरा शेवट दोन ओळी आधीच होऊन गेलेला असतो. आपल्या उदाहरणात 'बाळू, ४:४० पासून' ही ओळ काढली तर त्याने किंमत मोजली हे स्पष्ट होत नाही, म्हणून ती राहते.

७. लपून बसलेला उपदेश शोधा

शेवट साफ झाला की तो इतर ठिकाणी जाऊन बसतो. मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर फाईल उघडा आणि हे शब्द एकेक सर्च करा: कळलं, उमगलं, जाणीव, खऱ्या अर्थाने, माणुसकी, नाती, आयुष्य, शेवटी, जणू. प्रत्येक ठिकाणी थांबून बघा की ते वाक्य घटनेबद्दल आहे की घटनेच्या अर्थाबद्दल. 'दादाला कळलं असणार' ही पात्राची शंका आहे, राहू द्या. 'दादाला कळलं होतं की रक्ताची नाती...' हे गेलं पाहिजे.

मग बोलणी बघा. आपल्या कथांमधे एखादे आजोबा, देवळातला पुजारी, चहाच्या टपरीवरचा म्हातारा असतो आणि त्याला नेमकी त्या दिवशी एक शहाणी गोष्ट सुचते. किंवा लहान मूल निरागसपणे विचारतं, 'बाबा, काका आपला नाही का?' ही पात्रं कथेतल्या कामाला नसतील, म्हणजे दारं धरायला, बिल भरायला, वही लपवायला, तर काढून टाका.

शीर्षकही बघा. 'ओलावा' किंवा 'हिशोबापलीकडे' असं शीर्षक दिलंत तर शेवटचा परिच्छेद तुम्ही उचलून सगळ्यात वर नेऊन ठेवलाय. या कथेला 'रात्रीची लाईट' पुरेसं आहे.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. पात्राने मोठं वाक्य बोलायला बंदी नाही, अट एवढीच की ते वाक्य चुकीचं, अर्धवट किंवा स्वतःच्या सोयीचं असावं. बाळू बायकोला म्हणतो, 'भावाभावात वही असते होय?' आणि त्याच रात्री चाळीस मिनिटं चोरतो. तिथे ते वाक्य उपदेश राहत नाही, त्याच्याबद्दलची माहिती होते. आणि लहान मुलांसाठीची बोधकथा लिहीत असाल तर शेवटी तात्पर्य येऊ शकतं, तो प्रकारच वेगळा आहे, त्याला हे सगळं लावू नका.

८. वाचायला दिल्यावर काय विचारायचं

कथा दोन-तीन जणांना द्या, शक्यतो लिहिणारे नसलेल्यांना. 'कथेतून काय बोध घेतला' असं विचारू नका, तसं विचारलं की माणूस शाळेतल्यासारखं शोधून काढून काहीतरी सांगतो. दोनच गोष्टी विचारा. पहिली, काय झालं ते तुझ्या शब्दांत सांग. सांगताना ४:४० चा उल्लेख आला नाही तर ती नोंद कथेत नीट दिसत नाहीये. अशा वेळी शेवटी समजावून सांगू नका, मागे जाऊन पहिल्या वेळची ओळ वेगळ्या परिच्छेदात टाका, म्हणजे नजर तिथे अडखळेल.

दुसरी, ज्ञानूने बांधावर गप्प बसायला नको होतं का? इथे उत्तरं ऐकण्यासारखी असतात. सगळे एकसुरात म्हणाले की 'किती मोठ्या मनाचा आहे तो', तर स्टेप दोनमधे परत जा, ज्ञानूला तुम्ही संत केलंय, त्याला एखादी बारीक खोड द्या, मोटरच्या बिलातला सुटा पैसा तो स्वतःकडे ठेवतो वगैरे. सगळे गोंधळले आणि कोणालाच काही वाटलं नाही तर स्टेप चार, परिणामाची खूण कमी पडतेय. आणि एक जण म्हणाला 'त्याने तिथेच भावाला धरायला पाहिजे होतं', दुसरा म्हणाला 'धरलं असतं तर परत कोर्ट', आणि तुम्हाला विसरून ते दोघं आपसातच वाद घालायला लागले, तर मधे पडून तुम्हाला काय म्हणायचं होतं ते सांगू नका. कथेला आता हात लावायचा तो फक्त शुद्धलेखनासाठी.